दोन्ही सोर्सची पॉवर मायनस आली, मग शोषतंय कोण?

मेशवाला (धागाकर्ता)

एका लूपचं साधं गणित आहे, पण उत्तराशी जुळत नाही. डावीकडे V1, १२ व्होल्टचा, प्लस वर. उजवीकडे V2, १८ व्होल्टचा, त्याचंही प्लस वरच. वरच्या तारेत दोघांच्या मध्ये R1 (२ ओहम) आणि R2 (१ ओहम) सिरीजमध्ये आहेत. खालची तार ग्राउंड. लूप करंट i मी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने धरला, म्हणजे V1 च्या प्लसमधून बाहेर पडून R1, R2 मधून V2 च्या प्लसमध्ये शिरणारा.

−१२ + २i + १i + १८ = ०, म्हणून i = −२ अँपिअर.

पॉवर काढली. V1 ची १२ × (−२) = −२४ वॅट. V2 ची १८ × (−२) = −३६ वॅट. रेझिस्टरची ८ आणि ४ वॅट.

मागे दिलेलं उत्तर म्हणतं, V1 २४ वॅट शोषतो आणि V2 ३६ वॅट देतो. आकडे तेच आहेत. पण माझ्याकडे दोन्ही मायनस आहेत, मग एक देणारा आणि एक घेणारा कसा? शिवाय सगळ्यांची बेरीज शून्य यायला हवी ना? माझी −४८ येतेय.

---

झटपट_उत्तर

पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शनमध्ये पॉवर प्लस म्हणजे शोषतो, मायनस म्हणजे देतो. दोन्ही मायनस आले म्हणजे दोन्ही सोर्स देतायत. उत्तर छापताना गडबड झाली असणार, सोडून द्या.

---

मेशवाला

दोघं मिळून ६० वॅट देतायत आणि रेझिस्टर फक्त १२ वॅट खातायत. उरलेले ४८ वॅट गेले कुठे?

---

नोड_शून्य

उत्तर बरोबर आहे, छपाईचा दोष नाही. झटपट_उत्तर यांनी नियम बरोबर सांगितला, पण तो लागू कधी होतो ते राहिलं.

"मायनस म्हणजे देतो" हे तेव्हाच म्हणता येतं, जेव्हा गुणाकारात घेतलेल्या करंटचा बाण त्या घटकाच्या प्लस टर्मिनलमध्ये शिरताना काढलेला असतो. बाण प्लसमधून बाहेर पडताना काढला असेल, तर v × i हा गुणाकार "किती दिली" ते सांगतो, "किती शोषली" ते नाही. मग मायनसचा अर्थ उलटतो: मायनस दिली, म्हणजेच घेतली.

आता तुमची आकृती बघा. तुमचा i V2 च्या प्लसमध्ये शिरतो. म्हणून १८ × (−२) = −३६ ही V2 ने *शोषलेली* पॉवर. मायनस शोषली, म्हणजे ३६ वॅट दिली. तोच i V1 च्या प्लसमधून बाहेर पडतो. म्हणून १२ × (−२) = −२४ ही V1 ने *दिलेली* पॉवर. मायनस दिली, म्हणजे २४ वॅट शोषली. तुमचे दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एक "दिली"च्या रकान्यातला आहे आणि दुसरा "शोषली"च्या. दोन रकाने एकत्र बेरजेला घेतलेत म्हणून −४८ आले.

सगळं "शोषली"मध्ये आणा. V1 साठी बाण बाहेर जातोय, म्हणून सूत्रातच मायनस येतो: p = −v × i = −(१२)(−२) = +२४. V2 साठी −३६. रेझिस्टर +८ आणि +४. बेरीज २४ − ३६ + ८ + ४ = ०. जमलं.

पहिला मायनस सूत्राचा आहे, तो तुम्ही आकृती काढलीत त्याच क्षणी ठरला. दुसरा मायनस उत्तराचा आहे, तो सर्किट सोडवल्यावर आला. दोघांची सरमिसळ केली की गाडी हमखास घसरते.

---

झटपट_उत्तर

मग एवढा खटाटोप कशाला? i मायनस आला की कळलंच, खरा करंट उलटा आहे. बाण उलटा करायचा, i = २ घ्यायचा आणि पुढे जायचं. करंट V2 च्या प्लसमधून निघतो, V1 च्या प्लसमध्ये शिरतो. V2 देतो, V1 घेतो. झालं.

---

नोड_शून्य

एका लूपला चालेल, चूक नाही त्यात. पण एक अट आहे: बाण उलटवला की *सगळीकडे* उलटवायचा आणि पॉवरची सूत्रंही नव्या बाणावरून परत लिहायची. होतं काय, की i = +२ घेतात आणि V1 साठी आधी लिहून ठेवलेलं −v × i तसंच राहतं. मग −(१२)(२) = −२४ येतं, आणि V1 "देतो" असं लिहून मोकळे. उत्तर नेमकं उलटं, आणि आकडा बरोबर असल्यामुळे शंकाही येत नाही.

दोन-तीन मेश असतील तर उलटवूच नका. i₁ मायनस, i₂ प्लस, मधल्या फांदीत i₁ − i₂, त्यात एकाचा बाण फिरवला की मधल्या फांदीचं समीकरणही फिरवावं लागतं. त्यापेक्षा बाण जिथे आहेत तिथे राहू द्या आणि मायनस आकडा मायनस म्हणूनच शेवटपर्यंत घेऊन जा.

डिपेंडंट सोर्स असेल तर व्होल्टेजही मायनस येऊ शकतं. समजा आकृतीतल्या खुणांप्रमाणे v = −६ आणि प्लसमध्ये शिरणारा i = −२. p = +१२, तो सोर्स शोषतोय. दोन मायनस दिसले म्हणून काही "सुधारायला" जाऊ नका.

---

कॉइल_काका

आमच्या लॅबमध्ये थ्री फेज मोटर नो लोडला चालवताना दोन वॉटमीटरपैकी एकाचा काटा उलटा जातो. करंट कॉइलची टोकं बदलून रीडिंग घ्यायचं आणि मायनस लिहायचं. म्हणजे तो वॉटमीटर पण शोषणारा सोर्सच दाखवतोय असं समजायचं का? पॉवर फॅक्टरचा संबंध असणार यात.

---

नोड_शून्य

काका, ते प्रकरण वेगळं आहे. दोन वॉटमीटर पद्धतीत पॉवर फॅक्टर ०.५ च्या खाली गेला की एक मीटर मायनस जातो, आणि नो लोडच्या इंडक्शन मोटरला पॉवर फॅक्टर तसा कमीच असतो. पण त्या एकट्या मीटरचं रीडिंग म्हणजे कुठल्या एका घटकाची पॉवर नव्हे. त्याच्या प्रेशर कॉइलवर लाइन व्होल्टेज असतं आणि करंट कॉइलमध्ये एका लाइनचा करंट. अर्थ फक्त दोघांच्या बेरजेला. बेरीज प्लस आहे तोवर मोटर घेतेच आहे. बेरीजच मायनस आली, तर मोटर जनरेटरसारखी पॉवर परत पाठवतेय. वरच्या V1 शी तुलना करायची तर ती बेरजेशी करा, एका काट्याशी नाही.

---

सिम_सुलभा

हेच सर्किट सिम्युलेटरमध्ये टाकून बघा, कारण तिथे आणखी एक वळण आहे. LTspice साठी:

```
* don source, ek loop
V1 a 0 12
R1 a b 2
R2 b c 1
V2 c 0 18
.op
.end
```

पहिली ओळ शीर्षक म्हणून धरली जाते, ती गाळलीत तर V1 ची ओळच शीर्षक समजली जाईल आणि सोर्स गायब होईल.

उत्तर असं येतं:

```
V(a) = 12    V(b) = 16    V(c) = 18
I(V1) = 2    I(V2) = -2
I(R1) = -2   I(R2) = -2
```

स्पाइसमध्ये व्होल्टेज सोर्सचा करंट पहिल्या नोडमधून, म्हणजे प्लसमधून, सोर्सच्या *आत* जाताना मोजतात. म्हणजे सोर्सलाही पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शनच. त्यामुळे V(a)*I(V1) = +24, शोषतोय. V(c)*I(V2) = −36, देतोय. नेहमीचा, पॉवर देणारा सोर्स स्पाइसमध्ये कायम मायनस करंट दाखवतो. ते बघून "सोर्स उलटा जोडला वाटतं" म्हणून टर्मिनल फिरवणारे बरेच दिसतात.

I(R1) मायनस आहे त्याचं कारण वेगळं. रेझिस्टरचा करंट नेटलिस्टमधल्या पहिल्या नोडकडून दुसऱ्याकडे मोजतात. आकृती काढून चालवत असाल तर रेझिस्टर १८० अंशात फिरवला की I(R1) चं चिन्ह बदलतं, पण पॉवर बदलत नाही: (V(a)-V(b))*I(R1) = (−4)(−2) = 8. ट्रान्झिएंट चालवून Alt दाबून घटकावर क्लिक केलं की पॉवरचा आलेख थेट मिळतो, आणि तोही "शोषली" याच अर्थाने.

---

मेशवाला

आता उलगडलं. म्हणजे मी V1 साठी "दिली" काढत होतो आणि नाव मात्र "शोषली" देत होतो.

पण एक विचारू का? V1 ने २४ वॅट शोषले, मग ते जातात कुठे? रेझिस्टरचे ८ आणि ४ तर वेगळे मोजलेत.

---

नोड_शून्य

कागदावरचा आदर्श सोर्स याचं उत्तर देत नाही. तो फक्त १२ व्होल्ट धरून ठेवतो, किती घेतले आणि कुठे ठेवले हे त्याच्या व्याख्येत नाही. खरी वस्तू कोणती आहे यावर ते ठरतं.

समजा V1 म्हणजे बॅटरीचं ईएमएफ आणि R1 चे २ ओहम म्हणजे तिचाच अंतर्गत रोध. (आकडा पुस्तकी आहे, चांगल्या लेड ॲसिड बॅटरीचा रोध याच्या कितीतरी कमी असतो.) मग बॅटरीचं बाहेर दिसणारं प्लस टर्मिनल म्हणजे सुलभाताईंच्या नेटलिस्टमधला नोड b. तिथे १६ व्होल्ट आहेत आणि २ अँपिअर आत शिरतायत. टर्मिनलवर मोजाल तर बॅटरी ३२ वॅट शोषतेय. त्यातले ८ वॅट आतच उष्णता होतात आणि २४ वॅट रासायनिक क्रियेला मिळतात. म्हणजे "सोर्सने किती शोषले" याचं उत्तर हद्द कुठे आखली त्यावर २४ किंवा ३२ येईल. दोन्ही बरोबर, पण एकाच हिशेबात दोन हद्दी मिसळायच्या नाहीत. बॅटरीचे ३२ धरले की R1 चे ८ वेगळे मोजायचे नाहीत: ३२ + ४ − ३६ = ०.

आणि ते २४ सगळे साठवले गेले असंही नाही. बॅटरी भरत आली की त्यातला वाढता भाग पाण्याचं विघटन होऊन वायू बनण्यात जातो. चिन्ह फक्त दिशा सांगतं.

---

झटपट_उत्तर

प्रत्यक्षात बॅटरी घेतेय की देतेय हे बघायला एवढं कशाला, व्होल्टमीटर लावा. चार्ज होताना टर्मिनल व्होल्टेज ईएमएफच्या वर, डिस्चार्ज होताना खाली.

---

नोड_शून्य

हे मात्र बरोबर. वरच्या आकड्यांत १६ हे १२ च्या वर आहे, म्हणजे घेतेय. अडचण एवढीच की ईएमएफ आधी माहीत हवं आणि ते चार्जप्रमाणे सरकतं. रोध फार कमी असेल तर फरक इतका बारीक की त्यावर भरवसा नको.

नेमकं हवं असेल तर डीसी क्लॅम्प मीटर घ्या. फक्त एसीवाला क्लॅम्प इथे उपयोगाचा नाही. तार जबड्यात घेण्याआधी शून्य करा, नाहीतर आधीचं चुंबकत्व काही दशांश अँपिअर खोटे दाखवतं. मग प्लसच्या तारेवर असा लावा की जबड्यावरचा बाण बॅटरीकडे रोखलेला असेल. व्होल्टमीटरचा लाल प्रोब प्लसला. असं जोडलंत की पॅसिव्ह साइन कन्व्हेन्शन हातानेच पाळलं गेलं: गुणाकार प्लस आला तर शोषतेय, मायनस आला तर देतेय.

---

बेंच_टेबल

माझा प्रश्न याच्याच पुढचा आहे. १८ व्होल्टचा चार्जर तपासायचाय. बॅटरीच्या जागी बेंच पॉवर सप्लाय १२ व्होल्टला लावला. वायरिंग आणि रेझिस्टर मिळून वरचेच ३ ओहम धरा. गणिताप्रमाणे सप्लायने २ अँपिअर शोषायला हवेत. प्रत्यक्षात डिस्प्लेवर १८ व्होल्ट आणि ० अँपिअर दिसतात, नॉब १२ वर असताना. सप्लाय बिघडला का?

---

नोड_शून्य

बिघडला नसावा, पण आधी जोडणी सोडवा. साधा बेंच सप्लाय करंट देऊ शकतो, घेऊ शकत नाही. त्याच्या आउटपुटला पास ट्रान्झिस्टर असतो, तो करंट बाहेरच ढकलतो. व्होल्टेज १२ च्या वर गेलं की कंट्रोल लूप ट्रान्झिस्टर पूर्ण बंद करतो आणि त्याच्या हातात पुढे काही उरत नाही. आउटपुट कपॅसिटर १८ पर्यंत चार्ज होतो, करंट थांबतो. गणितातलं "V1 = १२" हे गृहीतकच मोडलं, म्हणून −२४ हे उत्तर त्या सर्किटचं राहिलं नाही.

म्हणून गणितात सोर्स शोषतोय असं निघालं की लगेच विचारायचं, खरी वस्तू शोषू शकते का? रिचार्जेबल बॅटरी शोषते. साधा अल्कलाइन सेल शोषायला लावला तर आत वायू होऊन गळतो. बेंच सप्लाय बहुतेक शोषत नाही, आणि आउटपुट कपॅसिटरचं रेटिंग कमी असेल तर तो जातो.

---

बेंच_टेबल

सिरीजमध्ये डायोड टाकला तर सप्लाय वाचेल ना?

---

सिम_सुलभा

सप्लाय वाचेल, पण चार्जरची चाचणी होणार नाही. डायोड उलट करंट अडवतो, म्हणजे शोषणारं कोणीच उरत नाही. चार्जरला लोडच दिसणार नाही.

सप्लायच्या समांतर रेझिस्टर लावा, जो १२ व्होल्टला २ अँपिअरपेक्षा जास्त खाईल, म्हणजे ६ ओहमच्या खाली. ४.७ ओहम घेतला तर २.५५ अँपिअर खातो. त्यातले २ चार्जरकडून येतात, ०.५५ सप्लाय देतो. सप्लाय देणाराच राहतो, म्हणून १२ व्होल्ट टिकतात. उष्णता ३०.६ वॅट, तेव्हा ५० वॅटचा ॲल्युमिनियम बॉडीचा रेझिस्टर घेऊन हीटसिंकवर बसवा. चार्जर बंद असताना सगळे २.५५ अँपिअर सप्लायलाच द्यावे लागतील, करंट लिमिट ३ अँपिअरला ठेवा.

याची मर्यादा: चार्जर २० व्होल्टला गेला तर करंट ८ ÷ ३ = २.६७ व्हायला बघतो, जो २.५५ च्या वर आहे. सप्लाय परत बंद पडतो आणि नोड १२.२ व्होल्टवर जाऊन बसतो.

---

झटपट_उत्तर

३० वॅट जाळण्यापेक्षा इलेक्ट्रॉनिक लोड घ्या. कॉन्स्टंट व्होल्टेज मोडला १२ व्होल्ट लावा, तो हवा तेवढा करंट शोषेल. २४ वॅट, चिन्ह प्लस, प्रश्न मिटला.

---

सिम_सुलभा

तोही जाळतोच, फक्त स्वतःच्या पोटात! पण रेंज मोठी मिळते, हे मान्य. अडचण दुसरी आहे. बरेच चार्जर सुरू होण्याआधी टर्मिनलवर बॅटरीचं व्होल्टेज आहे का ते तपासतात. इलेक्ट्रॉनिक लोडला स्वतःचं व्होल्टेज नसतं, त्यामुळे असा चार्जर सुरूच होत नाही. सप्लाय + रेझिस्टरमध्ये १२ व्होल्ट आधीपासून असतात.

---

बेंच_टेबल

माझा चार्जर तसाच आहे, आधी व्होल्टेज बघतो. मग सप्लाय ११.९ ला आणि लोड १२.१ ला असं दोन्ही समांतर लावलं तर? चार्जर सुरू होताना सप्लाय धरेल, नंतर लोड.

---

नोड_शून्य

तत्त्व बरोबर आहे. चार्जर बंद असताना लोड १२.१ पेक्षा कमी बघतो, म्हणून काही घेत नाही. चार्जर चालू झाला की व्होल्टेज १२.१ पर्यंत चढतं, सप्लाय बंद होतो आणि लोड शोषायला लागतो. मधल्या ०.२ व्होल्टमध्ये कोणाचाच ताबा नाही, तिथे चार्जर कसा वागेल हे त्याच्या कंट्रोल लूपवर अवलंबून. आउटपुट डोलायला लागलं तर अंतर थोडं वाढवून बघा. दोन्ही उपकरणांचे डिस्प्ले तंतोतंत जुळत नसतात, तेव्हा एकाच मल्टीमीटरने दोन्ही आकडे लावा. नाहीतर सप्लायचे ११.९ हे प्रत्यक्षात लोडच्या १२.१ च्या वर निघाले, तर सप्लाय थेट लोडलाच करंट देत बसेल.

---

मेशवाला

आणि तेव्हा सप्लाय मायनस, लोड प्लस, आणि लोडच्या आकड्यात चार्जरचा वाटा किती ते कळणारच नाही. क्लॅम्प तिन्ही तारांवर लावावा लागेल, बाण प्रत्येक वेळी त्या त्या उपकरणाकडे.

---

बेंच_टेबल

लावून बघतो. सप्लाय लिनिअर आहे की स्विचिंग, त्याने मधल्या पट्ट्यात फरक पडेल का?

---

सिम_सुलभा

पडेल असं वाटतं. स्विचिंगवाल्यांत आउटपुट कपॅसिटर साधारण मोठे असतात. पण मॉडेल बघितल्याशिवाय सांगणं कठीण. ऑसिलोस्कोपचा फोटो टाका, नोड b चा नको, a चा.